फोटोवरून जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर: शिक्के, समासातली नोंद आणि 'ज्ञ'चा घोळ

पाचपावलीचा_पोट्टा

राजेहो, मदत पाहिजे. माझी मोठी बहीण कॅनडात असते. आई-बाबांना स्पॉन्सर करून राहिली. नातं सिद्ध करायला तिचा जन्मदाखला लागतो. दाखला १९८७ चा, हाताने लिहिलेला, अख्खा मराठीत. मूळ प्रत नागपूरला आमच्या गोदरेजच्या कपाटात आहे. तिच्याकडे फक्त मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आहे आणि त्यावरूनच इंग्रजी भाषांतर करायचं म्हणते.

मी बसलो करायला. इंग्रजी बरं आहे माझं. पण अडलो. एक तर मुलाच्या नावाच्या रकान्यात काहीच नाही, आडवी रेघ आहे. नाव डाव्या समासात उभं लिहिलंय, वेगळ्या शाईने, खाली सही अन् ४-६-९३ अशी तारीख. दुसरं, नोंदणीची तारीख ११-१ आहे की १९-१ हे समजत नाही. तिसरं, सहीवर जांभळा गोल शिक्का बसलाय, अर्धाच वाचता येतो. आईचं नाव 'सौ. शकुंतलाबाई' आहे, पासपोर्टवर नुसतं Shakuntala.

जे वाचता येत नाही ते सोडून दिलं तर चालते का? की अंदाजाने भरू?

बर्डी_एक्सप्रेस

इतकं काय त्यात भाऊ. तूच टाईप कर, जिल्हा न्यायालयासमोर टेबलं लावून बसलेले असतात, त्यांच्याकडून नोटरी करून घे. लाल सील लागलं की कोणी विचारत नाही. मी माझ्या साळ्याचं असंच केलं होतं, दुबईसाठी.

धरमपेठी_मावशी

थांब रे पोट्ट्या, टाईप करू नको.

वीस-बावीस वर्षं हेच काम करते, म्हणून सांगते. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा नियम स्पष्ट आहे: भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं चालत नाही. तू भाऊ आहेस, म्हणजे तू बाद. इंग्रजी कितीही चांगलं असो. भाषांतरकार तिथला प्रमाणित नसेल, तर त्याने शपथपत्र द्यायचं असतं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर मुळाबरहुकूम आहे. ते शपथपत्र नोटरीसमोर होतं.

बर्डीवाल्यांचं इथेच अर्धं बरोबर आहे. नोटरी लागतो, पण तो भाषांतर तपासत नाही. समोर बसलेल्या माणसाने शपथ घेऊन सही केली एवढंच तो सांगतो. आत चुकीची तारीख असली तरी लाल सील तितकंच लाल दिसतं.

आणि हो, ज्याचं भाषांतर केलं त्या मूळ दाखल्याची प्रमाणित झेरॉक्सही सोबत लागते. त्यासाठी कोणीतरी मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. फोटोवरून मसुदा होतो, शेवटचं काम होत नाही. कपाट उघडावंच लागेल.

आता तुझा खरा प्रश्न. सोडायचं नाही आणि अंदाजाने भरायचंही नाही. कागदावर जे जे आहे ते सगळं भाषांतरात दिसलं पाहिजे, अगदी 'इथे काहीतरी आहे पण वाचता येत नाही' हेसुद्धा. रकान्यात आडवी रेघ आहे ना? मग भाषांतरातही त्या रकान्यात रेघच. समासातलं नाव उचलून रकान्यात टाकायचं नाही. समासातली नोंद वेगळी द्यायची: डाव्या समासात, हस्ताक्षरात, वेगळ्या शाईत, असा मजकूर, खाली सही, तारीख ही.

फोटो इथे टाकू नको, घरच्यांची नावं आहेत. शिक्क्याचं नुसतं वर्णन कर.

पाचपावलीचा_पोट्टा

बाप रे. म्हणजे मी बाद. ठीक.

पण मावशी, नाव समासात आहे म्हणून कॅनडावाले म्हणणार नाहीत का की खोडसाळपणा केला? मला तर पाहूनच वाटलं की कोणीतरी नंतर घुसवलं.

वर्णन देतो. एक, सहीवरचा गोल शिक्का, बाहेरच्या कड्यात 'नागपूर महानगरपा' इथपर्यंत दिसते, आत 'नोंदणी वि' दिसते, बाकी सहीखाली. दोन, वर उजवीकडे चिकटवलेलं छोटं तिकीट, त्यावर पेनाने फुली. तीन, खाली डावीकडे चौकोनी शिक्का, आत हाताने नक्कल फी अन् आकडा. दाखला लॅमिनेट केलेला आहे, त्यामुळे फोटोत मधोमध ट्यूबलाइट चमकते.

निवृत्त_नोंदवही

समासातल्या नोंदीबद्दल मी बोलतो. मी स्वतः अशा वह्या लिहिल्या आहेत, कुठे ते विचारू नका.

त्या काळी दवाखान्यातून जन्माची खबर यायची तेव्हा बाळाचं नाव ठेवलेलंच नसायचं. बारसं बाराव्या दिवशी, कोणाकडे त्याहून उशिरा. नोंद मात्र व्हायची. म्हणून नावाचा रकाना रिकामा किंवा रेघ. पुढे मूल शाळेत घालायची वेळ आली की बाप धावत यायचा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात याची सोय आहे, कलम १४. नाव नंतर घालता येतं. ८७ चा जन्म आणि ९३ ची नोंद, म्हणजे पोरगी सहा वर्षांची. पहिलीत नाव घालताना झालेलं काम आहे ते, डोळे मिटून सांगतो.

आणि चूक सुधारायची असली तरी कलम १५ प्रमाणे मूळ नोंदीला हात लावायचा नाही, समासात लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. खाडाखोड केली असती तर संशय घ्यावा. समासात सही-तारखेसकट नोंद म्हणजे काम रीतसर झालंय.

धरमपेठी_मावशी

नोंदवहीकाकांनी छान सांगितलं. पण हे सगळं भाषांतरात लिहायचं नाही. भाषांतरकाराने कायदा समजावत बसू नये. समासात कलमाचा आकडा लिहिला असेल तर तो उतरवायचा, नसेल तर आपण घालायचा नाही. बहिणीने हवं तर अर्जासोबत दोन ओळींचं स्पष्टीकरण द्यावं, ते तिच्या सहीने.

आता शिक्के. गोल शिक्क्याचं मी असं लिहीन: गोल शिक्का, जांभळी शाई, सहीवर अंशतः आलेला, बाहेरच्या कड्यात अमुक अक्षरं, पुढचं वाचता येत नाही, आत अमुक अक्षरं, पुढचं वाचता येत नाही. हे सगळं चौकटी कंसात, म्हणजे हा दाखल्याचा मजकूर नसून माझं वर्णन आहे हे कळतं. आणि मुळात शिक्का जिथे आहे त्याच जागी, सहीच्या ओळीशेजारी. सगळे शिक्के शेवटी एका यादीत ढकलणारे भाषांतरकार मी पाहिलेत. तपासणारा अधिकारी मराठी वाचत नाही, तो दोन कागद शेजारी ठेवून आकार जुळवतो. तिथे गोल, इथे कंस. तिथे चौकोन, इथे कंस. जागा जुळली नाही की तो अडकतो.

तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे की 'महानगरपा' च्या पुढे 'लिका' आहे. तरी शिक्क्यात मी ते पुरं करत नाही. वर छापील मथळ्यात पूर्ण नाव आहेच, तिथे ते पूर्ण येईल. मनपाला रुळलेलं इंग्रजी नाव आहे, तेच घ्यायचं.

तिकीट बहुधा कोर्ट फीचं असेल. मूळ कागदावर त्या तिकिटावर काय छापलंय ते वाच, किंमत वाच, आणि फुली मारलेली आहे हेही लिहायचं.

मिसिसागा_मिरची

शिक्क्यांबद्दल अनुभवातून: कॅनडाच्या सूचनांमध्ये लिहिलेलंच आहे की इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेले शिक्केही भाषांतरित हवेत. आमच्या लग्नाच्या दाखल्याच्या मागे एक शिक्का होता, 'मूळ प्रतीवरून खात्री केली' असा काहीतरी. आमच्या भाषांतरकाराने पुढच्या बाजूचाच फोटो पाहिला होता, कारण आम्ही मागचा पाठवलाच नव्हता. मागची झेरॉक्स मात्र प्रमाणित करताना जोडली गेली. म्हणजे प्रतीत शिक्का आहे आणि भाषांतरात नाही. फाइल परत. दोन महिने गेले.

पोट्ट्या, कागद उलटा करून पाहिलास का?

पाचपावलीचा_पोट्टा

नाही पाहिला 😐 आज जाऊन पाहतो.

तहसीलवाला

माझाही दाखल्याचाच प्रश्न आहे. आमच्या आजोबांची कोतवाल बुकाची नक्कल आहे, जात पडताळणीसाठी. त्यात 'तुकाराम वल्द सखाराम' लिहिलं आहे. भाषांतर करणाऱ्याने Wald हे मधलं नाव म्हणून टाकलं. आता मुलाच्या प्रकरणात 'तुकाराम वाल्ड' कोण असं विचारतात. काय करावे?

धरमपेठी_मावशी

😄 हसू नये, पण हसले.

'वल्द' म्हणजे 'चा मुलगा', नावाचा भाग नाही. 'जौजे' असेल तर 'ची बायको'. हे शब्द भाषांतरित करायचे असतात, रोमनमध्ये उतरवायचे नसतात. त्याच माणसाकडून दुरुस्त प्रत घ्या. बाकी जात पडताळणीचं तुम्ही वेगळ्या धाग्यात विचारा, तिथे कागद मराठीतच चालायला हवा, भाषांतर का मागितलं तेच मला कळत नाही.

यावरून एक गोष्ट मात्र पोट्ट्यासाठी. दाखल्यात 'तहसील' असेल तर तहसीलच ठेवायला सांग. आपल्याकडे विदर्भात कागदावर तहसील येतं, पुण्याचा भाषांतरकार सवयीने तालुका करून टाकतो. तसंच जन्मस्थळ 'मेयो' लिहिलं असेल तर मेयोच. आज त्या दवाखान्याच्या पाटीवर इंदिरा गांधींचं नाव आहे, पण दाखल्यात जे नाही ते आपण आणायचं नाही.

पाचपावलीचा_पोट्टा

मेयोच आहे! कसं ओळखलं बाप्पा.

धरमपेठी_मावशी

पाचपावलीचा आहेस ना. मेयो नाही तर डागा, तिसरं काय असणार.

पाचपावलीचा_पोट्टा

कपाट उघडलं. मागे खरंच शिक्का आहे. 'खरी नक्कल' आणि खाली मुख्याध्यापक, शाळेचं नाव पुसट, सही. आईला विचारलं तर म्हणे शाळेत दिला होता तेव्हाचं असेल.

अन् एक गंमत. पुढच्या बाजूला खाली कागद बोटाला थोडा उंचसखल लागते, लॅमिनेशनवरूनही. फोटोत तिथे काहीच दिसत नाही.

निवृत्त_नोंदवही

उठावाचा शिक्का असेल तो. शाई नसते त्याला, दाबून उठवतात. लॅमिनेशनच्या गरम रोलरखाली चपटा झाला असणार, तरी थोडा राहतो. रात्री खोलीतला दिवा बंद कर, कागद टेबलावर सपाट ठेव, मोबाईलची टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मार. अक्षरांच्या सावल्या पडतील. फोटो दुसऱ्या मोबाईलने बरोबर वरून काढ. मग टॉर्च दुसऱ्या बाजूने धरून पुन्हा एक.

आणि ट्यूबलाइटची चमक नको असेल तर सकाळी खिडकीजवळ काढ, घरातले दिवे बंद करून. फ्लॅश तर अजिबातच नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते फोटो दाबून लहान करतं आणि नेमके मात्रा-वेलांट्याच फुटतात. शकुंतलाची वेलांटी नाही, पण 'गजभिये'ची गेली तर काय राहिलं.

पाचपावलीचा_पोट्टा

काका, आमचं आडनाव ते नाही, पण मुद्दा समजला 😀

टॉर्चने केलं. गोल आहे, मधे तीन सिंहांसारखं काहीतरी, अक्षरं नाही लागत. त्याचं काय लिहायचं?

धरमपेठी_मावशी

हेच: उठावाचा गोल शिक्का, बिनशाईचा, मध्यभागी राजमुद्रेसारखी आकृती, मजकूर वाचता येत नाही. 'राजमुद्रेसारखी' हा शब्द महत्त्वाचा, 'राजमुद्रा' नाही. दिसलं तेवढंच.

आता तारीख. तुझी ११-१ की १९-१. जन्मतारीख किती आहे?

पाचपावलीचा_पोट्टा

जन्म ११-१-१९८७. ती स्पष्ट आहे, बहिणीचा वाढदिवसच तो. नोंदणीची तारीख त्याच्या खालच्या ओळीत. पहिला १ नक्की. दुसऱ्या आकड्यावर घडी पडलीय.

बर्डी_एक्सप्रेस

मग ११च असेल. त्याच दिवशी दवाखान्याने कळवलं असेल. टाकून दे ११.

निवृत्त_नोंदवही

त्याच दिवशी जन्म आणि त्याच दिवशी मनपाच्या वहीत नोंद? होऊ शकतं, पण मी फार क्वचित पाहिलं. दवाखान्यातून कागद गठ्ठ्याने यायचे. तरी 'बहुधा' म्हणून तारीख लिहायची नसते.

त्या कारकुनाचा हात वाच. त्याने तुला उत्तर त्याच ओळीत दिलंय. नोंदणीच्या तारखेत वर्ष पूर्ण लिहिलंय का, १९८७ असं? मग त्यात एक नक्की १ आहे आणि एक नक्की ९ आहे, शेजारीशेजारी, त्याच पेनाने, त्याच मिनिटाला लिहिलेले. ते दोन मोठे करून पहा. तो १ ची शेपटी कुठे नेतो आणि ९ ची कुठे. मग घडीतल्या आकड्याची शेपटी त्यांच्याशी ताडून पहा. जन्मतारखेतले १ तर चार-चार आहेत तुझ्याकडे.

पाचपावलीचा_पोट्टा

काका, कमाल. झूम करून बसलो अर्धा तास. हा माणूस १ ची शेपटी आत डावीकडे वळवतो, सगळीकडे तसंच. ९ ची शेपटी मात्र खाली उजवीकडे लांब ओढतो, पुढच्या आकड्याला जवळपास टेकवतो. घडीत वरचा भाग गेलाय, पण खाली एक शेपटी उजवीकडे गेलेली दिसते. म्हणजे १९?

धरमपेठी_मावशी

माझ्या मते १९. तरी मी भाषांतरात १९ लिहून खाली टीप देईन की दुसरा आकडा घडीमुळे अंशतः अस्पष्ट आहे. टीप दिल्याने काम कमी दर्जाचं होत नाही, उलट उद्या मनपाच्या वहीत काही वेगळं निघालं तर तू खोटं बोलला नाहीस हे कागदावर राहतं.

तारखांबद्दल आणखी एक. समासातली ४-६-९३ ही तिकडचा माणूस ६ एप्रिल वाचू शकतो. आकडे मुळाप्रमाणेच ठेवायचे, '९३' चं '१९९३' करायचं नाही, पण एका टिपेत सांगायचं की मूळ कागदात तारखा दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने आहेत. एकच टीप, सगळ्या तारखांना पुरते.

मिसिसागा_मिरची

एक वेगळाच प्रश्न: हे सगळं करण्यापेक्षा झोन ऑफिसातून नवा दाखला का नाही काढत? हल्लीचा मराठी-इंग्रजी दोन्हीत येतो. भाषांतराची भानगडच नको.

निवृत्त_नोंदवही

सुचवणार होतोच. जुनी वही मिळाली तर उत्तम मार्ग. पण नव्या दाखल्यात इंग्रजी नावं कोण टाईप करतं? समोरचा ऑपरेटर. मराठी नाव पाहून त्याला सुचेल ते स्पेलिंग. छापून हातात येण्याआधी पडद्यावर पाहून घेता आलं तर पाहा, पासपोर्टची झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवा. एकदा चुकीचं छापलं की मग ती दुरुस्ती, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे.

पाचपावलीचा_पोट्टा

स्पेलिंगवरूनच शेवटचा घोळ. बाबांचं नाव ज्ञानेश्वर. त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर Dnyaneshwar. बहिणीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या नावात Dyaneshwar, एक n खाल्लेला. आता भाषांतरात कोणतं?

बर्डी_एक्सप्रेस

Gyaneshwar लिही ना. आपल्याकडे अर्धं नागपूर हिंदीच बोलते.

धरमपेठी_मावशी

अरे देवा, तिसरं नको!

मी असं करते: ज्या माणसाचं नाव, त्याचा स्वतःचा पासपोर्ट पाहते. बाबांचं नाव बाबांच्या पासपोर्टप्रमाणे, Dnyaneshwar. मराठी 'ज्ञ'चं रुळलेलं स्पेलिंगही तेच, त्यामुळे लिप्यंतर म्हणूनही बरोबर बसतं. बहिणीच्या पासपोर्टातला फरक ही भाषांतराची बाब नाही, ती पासपोर्टाची चूक आहे. भाषांतरात दोन्ही स्पेलिंगं घुसडायची नाहीत.

आईचं जरा निराळं. 'सौ. शकुंतलाबाई' यातलं शकुंतला हे पासपोर्टप्रमाणे, पण 'बाई' कापायचं नाही. Shakuntalabai असंच, आधी Sau. आणि टिपेत लिहायचं की पहिला शब्द विवाहित स्त्रीच्या नावाआधी लावतात आणि 'बाई' हा आदरार्थी प्रत्यय आहे. पासपोर्टशी जुळावं म्हणून 'बाई' उडवणं हे भाषांतर नाही, दुरुस्ती आहे. दुरुस्ती करायचा अधिकार निबंधकाला, मला नाही.

मिसिसागा_मिरची

इथे मी सहमत नाही मावशी. आमच्या वेळी भाषांतरकाराने सासूबाईंचं 'बाई' तसंच ठेवलं, टीपही दिली, तरी आम्हाला 'ही एकच व्यक्ती आहे' असं वेगळं शपथपत्र द्यावं लागलं. तेच आधी देऊन टाकलं असतं तर एक फेरी वाचली असती. आईचं आणि बाबांचं दोघांचंही एकत्र करून घे, पोट्ट्या.

धरमपेठी_मावशी

शपथपत्राला माझी ना नाही. ते जोडावं. ते भाषांतराच्या जागी नको, इतकंच. आणि प्रत्येक फायलीत मागतात असंही नाही, माझ्या कितीतरी नुसत्या टिपेवर गेल्या.

निवृत्त_नोंदवही

मागच्या शिक्क्यातलं शाळेचं नाव लागलं का?

पाचपावलीचा_पोट्टा

नाही लागलं. आई म्हणते तिला शाळा आठवते, लिहून टाक. मी म्हटलं तुला आठवते, पण कागदावर दिसत नाही, मावशी रागावतील.

सध्या असं ठरलंय: सोमवारी झोन ऑफिसला जातो, १९८७ ची वही आहे का विचारतो. मिळाली तर १९ चाही निकाल लागेल. नाही मिळाली तर मूळ दाखला घेऊन बाहेरच्या भाषांतरकाराकडे. मावशी, तुम्ही घेता का काम?

धरमपेठी_मावशी

घेते. पण लॅमिनेशन फाडायचा प्रयत्न करू नको तेवढा, जांभळी शाई प्लास्टिकसोबत निघून येते. आहे तसा घेऊन ये. दोन्ही बाजूंचे फोटो आधी डॉक्युमेंट करून पाठव, आणि आई-बाबा-बहीण तिघांच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं. व्यनि करते.

बर्डी_एक्सप्रेस

मावशी, माझ्या साळ्याचं दुबईचं काम तसंच चाललं हो पण.

धरमपेठी_मावशी

चाललं असेल बाबा. त्याच्या दाखल्याच्या मागे काय होतं, पाहिलं होतंस?

बर्डी_एक्सप्रेस

...विचारतो त्याला.